बंद चौक टाळून जाणारे मार्ग: प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२६: प्रश्न नेमका करणं

आडव्या-उभ्या रस्त्यांच्या जाळीत डावीकडच्या खालच्या कोपऱ्यातून उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यात जायचं आहे. पाऊल फक्त उजवीकडे किंवा वर. एकूण मार्ग किती, आणि काही चौक बंद असतील तर ते टाळून जाणारे किती, हे सांगणारा छोटा प्रोग्राम लिहायचा आहे. मोजणी द्विपद सहगुणकांनी करायची, आणि प्रत्येक उत्तर दुसऱ्या स्वतंत्र रीतीने तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही.

सगळ्या नोंदींत एकच जाळी वापरू: उजवीकडे ८ पावलं, वर ६ पावलं. सुरुवात (0, 0), शेवट (8, 6). सूत्रं आणि बिंदू पडद्यावर टाइप होतात तसेच लिहिले आहेत.

उजवीकडच्या पावलाला उ आणि वरच्या पावलाला व म्हटलं, तर प्रत्येक मार्ग म्हणजे ८ उ आणि ६ व असलेली १४ अक्षरांची ओळ. वेगळी ओळ म्हणजे वेगळा मार्ग, आणि कुठलीही अशी ओळ घेतली तरी ती जाळीच्या बाहेर जात नाही. म्हणजे १४ जागांपैकी व कुठल्या ६ जागी बसवायचे एवढाच निर्णय उरतो.

C(14, 6) = 14! / (6! × 8!) = 3003

उ च्या ८ जागा निवडल्या तरी तेच उत्तर, कारण C(14, 8) = C(14, 6).

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो मोजतोय काय याचा. इथे आपण रेघा जिथे छेदतात त्या चौकांवरून चालतो. ८ पावलं म्हणजे ९ उभ्या रेघा, ६ पावलं म्हणजे ७ आडव्या रेघा, एकूण ६३ चौक. पण प्रश्नात "८ × ६ घरांचा पट, एका घरातून शेजारच्या घरात जायचं" असं असेल तर पावलं ७ आणि ५ होतात आणि उत्तर C(12, 5) = 792 येतं. दोन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर आहेत. मोठ्या जाळीत हा फरक नजरेला कळत नाही. २० × २० साठी रेघांवरून गेलं तर १,३७,८४,६५,२८,८२० मार्ग, घरांमधून गेलं तर ३५,३४,५२,६३,८००. दोन्ही सारखेच प्रचंड, दोन्ही सारखेच पटणारे. म्हणून प्रोग्रामला आधी १ × १ द्यायचं. उत्तर २ आलं तर तो रेघांवरून चालतोय, १ आलं तर घरांमधून.

७ जानेवारी २०२६: बेरजेचा तक्ता, तपासणीसाठी

सूत्राच्या आधी तक्ता लिहिला. एखाद्या चौकात शेवटचं पाऊल डावीकडून येतं किंवा खालून, तिसरी वाट नाही. म्हणून त्या चौकापर्यंतचे मार्ग म्हणजे डावीकडच्या चौकाचा आकडा अधिक खालच्या चौकाचा आकडा. तळाच्या रेघेवर आणि डाव्या कडेला सगळीकडे १, कारण तिथे वळायला जागाच नाही.

तळाची ओळ धरून सातव्या, म्हणजे सगळ्यात वरच्या ओळीत हे आकडे येतात: १, ७, २८, ८४, २१०, ४६२, ९२४, १७१६, ३००३. शेवटचा आकडा सूत्राशी जुळतो.

हा तक्ता ४५ अंशांत फिरवला की पिंगलाच्या छंदःशास्त्रावरच्या टीकेत हलायुधाने दहाव्या शतकात समजावलेला मेरुप्रस्तार दिसतो. पास्कलच्या नावाने तो ओळखला जाऊ लागला तो त्याचा ग्रंथ १६६५ मध्ये छापला गेल्यावर. छंदातला प्रश्नही अगदी हाच आहे. n अक्षरांच्या चरणात k गुरू आणि उरलेले लघू असतील तर रचना किती? लघूला उजवं पाऊल आणि गुरूला वरचं पाऊल म्हणा, मार्ग मिळाला.

तक्त्याचं बळ असं की त्यात फक्त बेरीज आहे, त्यामुळे चुकायला जागा कमी. बंद चौकात ० लिहायचा आणि पुढची बेरीज नेहमीसारखी करायची, बस. उणीव अशी की प्रत्येक चौकाला हात लावावा लागतो. बाजू १ लाख × १ लाख असेल तर ते एक हजार कोटी चौक झाले. म्हणून तक्ता फक्त लहान जाळ्यांवर सूत्राची उत्तरं पडताळायला ठेवला आहे.

१० जानेवारी २०२६: C(n, k) काढण्याची रीत

पुस्तकातलं फॅक्टोरियलचं सूत्र जसंच्या तसं टाइप करणं ही पहिली अडचण. ६४ बिटच्या चिन्हांकित पूर्णांकात 20! मावतं, 21! मावत नाही. 3003 हे उत्तर किती लहान, आणि त्यासाठी 14! काढायचं, २० × २० साठी तर 40! लागेल. गुणाकार करता करता मधेच भाग दिला तर आकडे आटोक्यात राहतात. ही रीत भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) आहे: n पासून उतरते आकडे वर, १ पासून चढते आकडे खाली, आणि एकेक अपूर्णांक आधीच्या उत्तराला गुणत जायचा. सहा रसांच्या उदाहरणात ६/१, ५/२, ४/३, ३/४, २/५, १/६ असे क्रमाने गुणले की ६, १५, २०, १५, ६, १ मिळतात.

```python
def nivad(n, k):
    k = min(k, n - k)
    r = 1
    for i in range(1, k + 1):
        r = r * (n - i + 1) // i
    return r
```

इथे `//` हा पूर्णांक भागाकार आहे, तरी बाकी कधीच उरत नाही. i व्या फेरीअखेर r मध्ये C(n, i) असतं, आणि ते स्वतः मोजणीचं उत्तर असल्याने पूर्णच असणार. पण आधी गुणाकार, मग भागाकार हा क्रम पाळायलाच हवा. कंस हलवून `r * ((n - i + 1) // i)` केलं तर सहा रसांच्याच उदाहरणात दुसऱ्या फेरीला ५/२ चे २ होतात आणि १५ ऐवजी १२ येतं. प्रोग्राम कुरकुर करत नाही, उत्तर मात्र कमी येतं.

C++ मध्ये हीच रीत आणली की वेगळा पेच येतो. ३० × ३० पर्यंत ठीक. ३१ × ३१ चं खरं उत्तर C(62, 31) सुमारे ४.६५ × १०^१७ आहे, म्हणजे ६४ बिटच्या मर्यादेचा (सुमारे ९.२२ × १०^१८) साधारण विसावा भाग. तरीही प्रोग्राम बिघडतो, कारण भाग देण्याआधीचा गुणाकार ती मर्यादा ओलांडतो. उत्तर मावतंय एवढ्यावर निश्चिंत राहू नये, वाटेतला सगळ्यात मोठा गुणाकार मावतो का ते पाहावं. उपाय दोन: गुणाकार `__int128` मध्ये करायचा, किंवा गुणण्याआधी मसावि काढून छाटायचं. त्यानंतर ३३ × ३३ पर्यंत उत्तर मावतं (सुमारे ७.२ × १०^१८). ३४ × ३४ चं उत्तरच चिन्हरहित ६४ बिटलाही पुरत नाही.

पायथनमध्ये पूर्णांकाला मर्यादा नाही, म्हणून मूळ प्रोग्राम त्यातच ठेवला. स्प्रेडशीटवर तपासणाऱ्यांसाठी एक सूचना: एक्सेल १५ सार्थ अंकच दाखवतं. २७ × २७ चं उत्तर १९४६९३९४२५६४८११२ आहे, तिथे शेवटच्या २ च्या जागी ० दिसेल.

१४ जानेवारी २०२६: एका चौकातून जाणारे मार्ग

(3, 2) हा चौक बंद धरला. तो टाळणारे मार्ग थेट मोजणं अवघड, त्यातून जाणारे मोजणं सोपं. सुरुवातीपासून तिथपर्यंत C(5, 2) = 10. तिथून शेवटापर्यंत ५ उजवीकडे, ४ वर, म्हणून C(9, 4) = 126. पहिल्या भागातला कुठलाही मार्ग दुसऱ्या भागातल्या कुठल्याही मार्गाला जोडता येतो, म्हणून गुणाकार १२६०. टाळणारे ३००३ − १२६० = १७४३.

दुसऱ्या भागासाठी शेवटच्या बिंदूचे निर्देशांक तसेच घेऊन C(14, 6) लावलं जाण्याची चूक होते. वजाबाकी करून उरलेली पावलं काढायची असतात: 8 − 3 आणि 6 − 2. पहिल्या आणि दुसऱ्या भागाची पावलं मिळून १४ झाली पाहिजेत, ५ + ९ = १४. ही बेरीज न जुळली तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

चौक नव्हे, दोन चौकांमधला रस्ता बंद असेल तर त्या रस्त्याचं एक पाऊल मधे धरायचं. (3, 2) वरून (4, 2) कडे जाणारा तुकडा वापरणारे मार्ग: १० × C(8, 4) = १० × ७० = ७००. (3, 2) वरून (3, 3) कडे जाणारा तुकडा: १० × C(8, 3) = १० × ५६ = ५६०. दोन्हींची बेरीज १२६०, आणि तशीच असायला हवी, कारण चौकात आलेला मार्ग या दोनपैकी एका रस्त्यानेच बाहेर पडतो. यातला पहिला रस्ता बंद असणं आणि चौक बंद असणं यांत ५६० मार्गांचा फरक पडतो, तेव्हा नकाशा वाचताना नेमकं काय बंद आहे ते आधी ठरवावं.

१७ जानेवारी २०२६: दोन बंद चौक, मग तीन

आता (5, 3) हाही बंद. त्यातून जाणारे C(8, 3) × C(6, 3) = ५६ × २० = ११२०. पण ३००३ मधून १२६० आणि ११२० दोन्ही वजा केले तर दोन्ही चौकांतून जाणारे मार्ग दोनदा वजा होतात. असे मार्ग १० × C(3, 1) × २० = १० × ३ × २० = ६००. ते एकदा परत मिळवले की ३००३ − १२६० − ११२० + ६०० = १२२३.

तिसरा बंद चौक (6, 1) घेतला. तो मुद्दाम निवडला आहे. (3, 2) वरून (6, 1) ला जायचं तर खाली उतरावं लागेल, आणि (6, 1) वरून (5, 3) ला जायचं तर डावीकडे. दोन्ही मनाई. त्यामुळे (6, 1) मधून जाणारा मार्ग बाकीच्या दोन्ही बंद चौकांना कधीच लागत नाही. असे मार्ग C(7, 1) × C(7, 2) = ७ × २१ = १४७. उत्तर १२२३ − १४७ = १०७६.

तक्त्यात त्या तीन चौकांवर ० ठेवून बेरीज केली. वरची ओळ अशी आली: १, ७, २८, ७४, १६०, २८६, ४६३, ७१४, १०७६. जुळलं.

मिळवणं-वजा करणं ही रीत तीन चौकांना ठीक आहे. बंद चौक वाढले की जोड्या, तिकड्या, चौकड्या सगळ्यांचा हिशेब लागतो. २० चौकांना दहा लाखांवर पदं होतात, आणि प्रत्येकाचं चिन्ह सांभाळायचं. या रस्त्याने पुढे जायचं नाही असं ठरवलं.

२१ जानेवारी २०२६: पहिला बंद चौक कुठला?

प्रकल्पाचा गाभा हीच नोंद. वाईट मार्गांची वर्गवारी करायची ती त्यांना *पहिल्यांदा* लागलेल्या बंद चौकावरून. प्रत्येक वाईट मार्गाला पहिला बंद चौक एकच असतो, त्यामुळे दुहेरी मोजणीचा प्रश्नच उरत नाही, आणि परत मिळवायचंही काही राहत नाही.

प्रत्येक बंद चौकासाठी F काढायचं: सुरुवातीपासून तिथपर्यंतचे असे मार्ग, ज्यांना वाटेत दुसरा कुठलाही बंद चौक लागलेला नाही.

(3, 2) साठी: त्याच्या आधी कुणी नाही. F = 10.

(5, 3) साठी: एकूण ५६ मार्ग, त्यातले आधी (3, 2) ला लागलेले १० × ३ = ३०. F = 56 − 30 = 26.

(6, 1) साठी: एकूण ७, आधीच्या दोघांपासून इथे येणारी वाट नाही. F = 7.

शेवटच्या चौकालाही तीच वागणूक द्यायची, जणू तोही यादीतला एक:

3003 − 10 × 126 − 26 × 20 − 7 × 21 = 3003 − 1260 − 520 − 147 = 1076

चार वजाबाक्या, आणि चिन्हांची भानगड नाही. F चे आकडे तक्त्यातही सापडतात. (5, 3) वर ० लिहिण्याआधी डावीकडे १५ आणि खाली ११ असतात, बेरीज २६. कुठला F चुकला हे शोधायचं असेल तर तक्ता त्या चौकापाशी थांबवून पाहता येतो; शेवटचं उत्तर चुकलंय एवढंच कळण्यापेक्षा हे फार उपयोगी पडतं.

```python
def marg(dx, dy):
    if dx < 0 or dy < 0:
        return 0
    return nivad(dx + dy, dx)

def talun(W, H, band):
    P = sorted(set(band)) + [(W, H)]
    F = []
    for x, y in P:
        t = marg(x, y)
        for (a, b), v in zip(P, F):
            t -= v * marg(x - a, y - b)
        F.append(t)
    return F[-1]
```

`zip(P, F)` मध्ये F छोटा असल्यामुळे आधी हिशेब झालेले चौकच येतात. `talun(8, 6, [(3,2), (5,3), (6,1)])` चं उत्तर 1076.

२३ जानेवारी २०२६: कुठे बिघडतं

ऋण पावलांची अट काढून टाकली तर काय होतं ते मुद्दाम पाहिलं. `nivad` ला k ऋण मिळाला, किंवा n पेक्षा मोठा मिळाला, की `min` मुळे k ऋण होतो, लूप एकदाही चालत नाही, आणि 0 च्या जागी 1 परत येतो. म्हणजे जिथे वाटच नाही तिथे प्रोग्राम एक वाट धरतो. आपल्या उदाहरणात (6, 1) चं F = 7 − 10 − 26 = −29 होतं. मार्गांची संख्या ऋण आली की पहिला संशय इथेच घ्यावा. पण ऋण नेहमी येईलच असं नाही, उत्तर नुसतं कमीही येऊ शकतं, म्हणून अट `marg` मध्येच राहू द्यावी. पायथनचं तयार `math.comb` (३.८ पासून उपलब्ध) k मोठा असेल तर 0 देतं, पण ऋण आकड्याला `ValueError` देऊन थांबतं. ते वापरलं तरी अट लागतेच.

दुसरी जागा क्रमाची. ज्या चौकातून पुढच्या चौकात जाता येतं तो यादीत आधी हवा. आधी x, मग y असा क्रम पुरतो. x + y च्या चढत्या क्रमानेही चालतं. `sorted` गाळलं आणि (5, 3) हा (3, 2) च्या आधी आला तर त्याचं F ५६ च राहतं, आणि शेवटी ३००३ − ११२० − १२६० − १४७ = ४७६ येतं. खऱ्या उत्तरापेक्षा बरोबर ६०० ने कमी. हे तेच दोन्ही चौकांतून जाणारे ६०० मार्ग, दोनदा वजा झालेले. फरकाचा आकडा ओळखीचा निघाला की दोष कुठे आहे ते तोच सांगतो.

काही गोष्टींची उगाच धास्ती घेतली जाते. तोच चौक यादीत दोनदा आला तर दुसऱ्या वेळी त्याचं F आपोआप 0 होतं, कारण पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत शून्य पावलांचा एक मार्ग असतो आणि तो सगळं वजा करून टाकतो. `set` आहे तो केवळ वेळ वाचवायला. सुरुवातच बंद असेल तर तिचं F 1 आणि बाकी सगळ्यांचं 0. शेवट बंद असेल तरी उत्तर 0. वेगळ्या अटी लिहिण्याची गरज नाही. जाळीबाहेरचे चौक मात्र आधीच गाळावेत. इथे ते उत्तर बिघडवत नाहीत, पण पुढच्या नोंदीतल्या प्रोग्रामला ते पाडू शकतात.

२८ जानेवारी २०२६: मोठी जाळी, बाकीचा हिशेब

बाजू १ लाखापर्यंत आणि बंद चौक २,००० पर्यंत, अशी मर्यादा ठेवली. २,००० चौकांच्या जोड्या सुमारे २० लाख, तेवढ्या वेळा `marg` चालणार. दर वेळी लाख फेऱ्यांचा लूप परवडत नाही, आणि खरं उत्तर हजारो अंकी असल्याने ते छापूनही उपयोग नाही. अशा ठिकाणी रिवाजाप्रमाणे 10^9 + 7 ने भागून उरणारी बाकी सांगतात. ही मूळ संख्या आहे, आणि तेच महत्त्वाचं: बाकीच्या हिशेबात भागाकार करता येत नाही, त्याऐवजी व्यस्ताने गुणतात, आणि मूळ संख्येच्या बाबतीत a चा व्यस्त फर्माच्या प्रमेयाने a^(M−2) असा निघतो.

```python
M = 10**9 + 7
N = 200000
f = [1] * (N + 1)
for i in range(1, N + 1):
    f[i] = f[i-1] * i % M
g = [1] * (N + 1)
g[N] = pow(f[N], M - 2, M)
for i in range(N, 0, -1):
    g[i-1] = g[i] * i % M

def marg(dx, dy):
    if dx < 0 or dy < 0:
        return 0
    return f[dx+dy] * g[dx] % M * g[dy] % M
```

`f` मध्ये फॅक्टोरियल, `g` मध्ये त्यांचे व्यस्त. घात एकदाच काढला आहे. उरलेले व्यस्त उलट दिशेने एकेका गुणाकारात मिळतात. N हा दोन्ही बाजूंच्या *बेरजेएवढा* हवा, मोठ्या बाजूएवढा नव्हे. `talun` मध्ये `F.append(t % M)` एवढाच बदल.

ऋण पावलांची अट इथे गेली तर लक्षण आणखी फसवं असतं. पायथनमध्ये `g[-1]` म्हणजे यादीतला शेवटचा घटक, म्हणून प्रोग्राम न अडखळता भलताच आकडा उचलतो. आणि बाकीच्या हिशेबात ऋण संख्या दिसतच नाही, त्यामुळे −२९ सारखी खूणही मिळत नाही. C++ मध्ये उलट: तिथे ऋण संख्येची `%` बाकी ऋणच राहते, म्हणून वजाबाकीनंतर M मिळवून पुन्हा `%` घ्यावं लागतं.

भाजक लहान घेतला तर ही रीत मोडते. C(9, 4) = 126, ५ ने भागून बाकी १. पण 9! आणि 5! या दोन्हींत ५ हा अवयव आहे, दोघांची बाकी ०, आणि शून्याला व्यस्त नसतो. प्रोग्राम निमूटपणे ० देतो. M मूळ असावा आणि N पेक्षा मोठा असावा, या दोन्ही अटी हव्यात. मूळ पण लहान भाजकच हवा असेल तर लुकासचं प्रमेय वापरावं: ९ म्हणजे पाचच्या पायात १४, आणि ४ म्हणजे ०४; C(1, 0) × C(4, 4) = 1. बाकी बरोबर.

२ फेब्रुवारी २०२६: कर्णाची कसोटी

तक्ता आणि `talun` दोन्ही आम्हीच लिहिलेले, तेव्हा एक तिसरी, पूर्ण वेगळी कसोटी हवी होती. y = x या रेघेच्या वर कधीही न जाणारे मार्ग मोजायचे, म्हणजे (0, 1), (1, 2), … (5, 6) हे सहा चौक बंद.

याचं उत्तर परावर्तनाने एका ओळीत मिळतं. y = x + 1 ला स्पर्श करणारा मार्ग घ्या आणि पहिल्या स्पर्शापर्यंतचा तुकडा त्या रेघेत आरशासारखा उलटवा. सुरुवात (0, 0) वरून (−1, 1) वर जाते. उलट, (−1, 1) वरून (8, 6) ला जाणारा प्रत्येक मार्ग ती रेघ ओलांडतोच, म्हणून जुळणी दोन्ही बाजूंनी पक्की. त्या नव्या सुरुवातीपासून ९ उजवीकडे, ५ वर: C(14, 5) = 2002. उरले ३००३ − २००२ = १००१.

आता `talun`. सहा चौकांचे F अनुक्रमे १, १, २, ५, १४, ४२ आले. हे कॅटलान संख्यांचे पहिले सहा आकडे, आणि तेच यायला हवेत. त्यांपासून शेवटापर्यंतचे मार्ग १२८७, ३३०, ८४, २१, ५, १. वजा होणारी रक्कम:

1287 + 330 + 168 + 105 + 70 + 42 = 2002

उत्तर १००१. परावर्तनाशी तंतोतंत जुळतं, आणि इथे सहाही चौक एकमेकांना जोडलेले असल्याने क्रम, वजाबाकी, शून्य पावलं अशा सगळ्या जागा एकाच वेळी तपासल्या जातात. (6, 6) पर्यंत धरलं तर C(12, 6) − C(12, 5) = 924 − 792 = 132, म्हणजे पुढची कॅटलान संख्या; तीही जुळली.

चाचणीच्या फाइलमध्ये आता १ × १ चं २, मोकळ्या जाळीचं ३००३, तीन बंद चौकांचं १०७६, कर्णाचं १००१ आणि १३२ आहेत, शिवाय यादृच्छिक बंद चौक घेऊन ८ × ६ च्या जाळीवर तक्ता आणि `talun` यांची तुलना. बंद रस्ते अजून `talun` मध्ये घेतलेले नाहीत. ते घ्यायचे तर यादीत बिंदूऐवजी (आतलं टोक, बाहेरचं टोक) अशी जोडी ठेवावी लागेल: F आतल्या टोकापर्यंत मोजायचं, आणि पुढचे मार्ग बाहेरच्या टोकापासून. क्रम लावताना आतलं टोक धरायचं. एकाच चौकातून निघणारे दोन बंद रस्ते असतील तर त्यांचं आतलं टोक एकच, पण एकाच्या बाहेरच्या टोकावरून त्या आतल्या टोकाला परतता येत नाही. `marg` तिथे 0 देईल, आणि दोन्हींचं F स्वतंत्रपणे बरोबर निघेल.